चालणारा फॉरमॅट शोधायचा, पण नक्कल नाही करायची: इतरांची चॅनेल अभ्यासण्याची रीत

माझं सायकल दुरुस्तीचं छोटंसं यूट्यूब चॅनेल आहे. सुरुवातीला मी तेच केलं जे बहुतेक नवखे करतात. या विषयातलं एक मोठं चॅनेल उघडलं, व्हिडिओ Popular या क्रमाने लावले आणि सगळ्यात वरचा व्हिडिओ बघून तसाच आपला एक बनवला. सायकलस्वारांच्या दहा चुका, असा तो विषय. त्यांच्या व्हिडिओला अकरा लाख व्ह्यूज होते. माझ्याला दोन महिन्यांत एकशे चाळीस मिळाले, त्यातले वीसेक घरचेच असावेत.

मेहनत कमी पडली नव्हती, मी आकडा चुकीचा वाचला होता. तो व्हिडिओ पाच वर्षं जुना होता आणि चॅनेलला लाखो सबस्क्रायबर होते. त्या अकरा लाखांत फॉरमॅटचा वाटा किती आणि वयाचा, नावाचा वाटा किती, हे त्या एका आकड्यावरून कळायला काही मार्गच नव्हता. नंतर मी प्रश्न बदलला. ‘या व्हिडिओला किती व्ह्यूज’ असं न विचारता ‘या चॅनेलला एरवी जेवढे मिळतात त्याच्या किती पट’ असं विचारायला लागलो. पुढची सगळी रीत या एका प्रश्नावर उभी आहे. उदाहरण माझ्याच चॅनेलचं देतो, कारण त्याचे बारकावे मला माहीत आहेत. चॅनेलांची नावं घेत नाही आणि आकडे गोल करून देतो.

आधी चॅनेल निवडा, आणि छोटी जास्त घ्या

आठ ते दहा चॅनेल पुरतात. पंचवीस घेतली तर तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. त्यातली दोन मोठी असू द्यात, तीन-चार मधली, आणि उरलेली अगदी छोटी, म्हणजे काही हजार सबस्क्रायबरांची. छोट्यांवर माझा भर आहे त्याचं कारण सरळ आहे. मोठ्या चॅनेलवर साधा व्हिडिओसुद्धा त्यांच्या ठरलेल्या प्रेक्षकांमुळे चालून जातो. नऊ हजार सबस्क्रायबरांच्या चॅनेलवर एखादा व्हिडिओ अचानक उसळला, तर त्यामागे नावाचा जोर नसतो. विषय, मांडणी, शीर्षक, थंबनेल यांतलंच काहीतरी कामाला आलेलं असतं, आणि ते तुमच्याही कामाला येऊ शकतं.

चॅनेल शोधताना स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडा. लॉगिन असताना यूट्यूब तुमच्या आवडीचंच पुढे आणतो, आणि नवख्या प्रेक्षकाला काय दिसतं ते तुम्हाला कळत नाही. विषयातले पाच-सहा नेहमीचे प्रश्न शोधखिडकीत टाका, पहिल्या पानावर येणारी चॅनेल टिपून घ्या. मग त्यांच्या व्हिडिओशेजारी सुचवलेल्या यादीत वारंवार कोण येतं ते पाहा.

एक-दोन चॅनेल शेजारच्या विषयातली घ्या. मी घड्याळं आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारी दोन घेतली होती. यंत्र बिघडलंय, प्रेक्षक वैतागलाय आणि हातात अवजारं कमी आहेत, ही परिस्थिती तिथेही सारखीच. शेजारच्या विषयात रुळलेला एखादा फॉरमॅट तुमच्या विषयात कुणी आणलेलाच नसतो, असं बऱ्याचदा दिसतं.

मग एक तक्ता, आणि त्यात मध्यक

प्रत्येक चॅनेलच्या Videos या टॅबमध्ये जा आणि साधारण वीस व्हिडिओ टिपा. शीर्षक, तारीख, व्ह्यूज आणि लांबी, एवढे चार रकाने बास. चॅनेलच्या पानावर व्ह्यूज गोल केलेले असतात आणि तारीख ‘तीन महिन्यांपूर्वी’ अशी ढोबळ दिसते. नेमका आकडा व तारीख हवी असेल तर व्हिडिओ उघडून त्याखालचं वर्णन पाहा. पण ढोबळ आकड्यांनीही काम भागतं.

कुठले वीस घ्यायचे यात मात्र काळजी घ्या. दोन महिन्यांपेक्षा नवे नकोत, त्यांचे व्ह्यूज अजून जमत असतात. दीड वर्षापेक्षा जुने नकोत, त्यांना नुसत्या वयाचा फायदा मिळालेला असतो. लाइव्ह वगळा. शॉर्ट्स तर याच तक्त्यात मुळीच घेऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा वाजला तरी व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ पाहिला याची अट नाही. त्यामुळे शॉर्टचे एक लाख आणि लांब व्हिडिओचे एक लाख एका तराजूत बसत नाहीत. शॉर्ट्सचाच अभ्यास करायचा असेल तर त्यांचा तक्ता वेगळा करा.

आता त्या वीस आकड्यांचा मध्यक काढा. सरासरी नको. एकच व्हिडिओ लाखांत गेला की सरासरी फुगते आणि मग चॅनेलचा नेहमीचा व्हिडिओ कसा चालतो ते झाकलं जातं. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. व्ह्यूज C रकान्यात असतील तर स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीसमोर एवढंच लिहायचं:

```
=C2/MEDIAN(C$2:C$21)
```

हे सूत्र खाली ओढलं की प्रत्येक व्हिडिओ त्या चॅनेलच्या नेहमीच्या पातळीच्या किती पट गेला ते समोर येतं. तीन पट किंवा त्याहून जास्त असेल त्याला मी उसळी म्हणतो. तीन हा आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही. दोनवर थांबलो तर यादी फार लांबते आणि पाचवर नेलं तर हाताशी काही उरत नाही, म्हणून मी तीन धरतो.

माझ्या तक्त्यात तीन चॅनेलांवर गंमत दिसली. पहिल्याचा मध्यक बारा हजार, आणि ‘गिअर बदलताना खडखड होते? कारण ओळखा’ अशा अर्थाचा व्हिडिओ चौऱ्याऐंशी हजारांवर, म्हणजे सात पट. दुसरं चॅनेल चिमुकलं, मध्यक दीड हजार. त्यावर ब्रेकची किंचाळी कुठून येते हे शोधणारा व्हिडिओ साडेतेरा हजारांवर, नऊ पट. तिसरं मोठं, मध्यक साठ हजार, आणि पॅडल मारताना येणाऱ्या टकटकीवरचा व्हिडिओ दोन लाख दहा हजारांवर, साडेतीन पट. Popular क्रमाने पाहत बसलो असतो तर यातलं नऊ पटवालं माझ्या नजरेलाही पडलं नसतं.

खोट्या उसळ्या बाजूला काढा

प्रत्येक उसळी कामाची नसते. माझ्या यादीतला सर्वांत मोठ्या गुणोत्तराचा व्हिडिओ पंधरा पट होता. उघडून पाहिलं तर त्यात एक नावाजलेला सायकलपटू पाहुणा म्हणून आलेला. त्याच्या चाहत्यांनी व्हिडिओ उचलला होता, मांडणीने नव्हे. आणखी एक नव्या मॉडेलच्या परीक्षणाचा होता, ते मॉडेल बाजारात आलं त्याच आठवड्यातला. ती बातमी होती, आणि बातमी तुमच्यासाठी पुन्हा घडणार नाही.

जाहिरातीचे पैसे देऊनही व्ह्यूज वाढवता येतात. त्याची खूण अशी की व्ह्यूज पाच पट असतात, पण लाइक आणि कमेंट त्या चॅनेलच्या साध्या व्हिडिओंएवढ्याच किंवा त्याहून कमी. अशी ओळ खोडून टाका.

एक गोष्ट जरा छुपी आहे. शीर्षक आणि थंबनेल नंतर केव्हाही बदलता येतात. आज जे दिसतंय त्यानेच तो व्हिडिओ उसळला होता असं नाही. म्हणून एका व्हिडिओच्या थंबनेलवरून सिद्धांत मांडायचा नाही. शिवाय दुसऱ्याच्या व्हिडिओवर किती जणांनी क्लिक केलं, कुठे सोडून गेले, शोधातून आले की होमपेजवरून, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. आपण करतोय तो अंदाज आहे. तीन निरनिराळ्या चॅनेलांवर तोच अंदाज खरा ठरला तरच त्याच्यावर व्हिडिओ बनवण्याचा वेळ लावायचा.

विषय चालला की फॉरमॅट?

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मीही गाळली होती. गिअरच्या खडखडीचा व्हिडिओ सात पट गेला, याचा अर्थ ‘लोकांना गिअर हवेत’ असा काढायचा की ‘लोकांना कारण शोधण्याची गोष्ट हवी’ असा? दोन्ही अर्थ बसतात, आणि दोन्हींतून निघणारे पुढचे व्हिडिओ पूर्ण वेगळे असतात.

उत्तर त्याच चॅनेलवर मिळतं. चॅनेलच्या पानावर भिंगाचं चिन्ह असतं, त्यातून फक्त त्या चॅनेलमध्ये शोधता येतं. तिथे दोन गोष्टी बघा. तोच विषय दुसऱ्या मांडणीत कसा चालला, आणि तीच मांडणी दुसऱ्या विषयावर कशी चालली.

माझ्या पहिल्या चॅनेलवर ‘गिअर ट्यूनिंगची संपूर्ण माहिती’ असा व्हिडिओ होता. विषय तोच, व्ह्यूज दहा हजार, म्हणजे मध्यकाच्याही खाली. ‘चाक डगमगतंय? कारण शोधा’ याला एकेचाळीस हजार, साडेतीन पटीच्या आसपास. म्हणजे पारडं फॉरमॅटकडे झुकलं. पण ‘सायकल जड चालते? कारण शोधा’ याला मात्र साडेबारा हजारच. हा शेवटचा आकडा मला बराच वेळ छळत होता. मांडणी तीच, मग हा का पडला?

तिन्ही चॅनेलांवरच्या उसळ्या पुन्हा एकदा लागोपाठ पाहिल्या तेव्हा लक्षात आलं. खडखड, किंचाळी, टकटक, डगमग या सगळ्या ऐकू येणाऱ्या किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. व्हिडिओच्या पहिल्या चार सेकंदांत तो आवाज ऐकवला की प्रेक्षक म्हणतो, ‘अरे, अगदी हाच!’ सायकल जड चालणं ऐकवता येत नाही. म्हणून माझा निष्कर्ष असा लिहिला गेला: प्रेक्षकाला पडद्यावर लगेच ओळखू येईल अशी बिघाडाची खूण, आणि तिथून कारणाकडे जाणारा शोध. फॉरमॅट ‘कारण शोधा’ एवढाच लिहिला असता तर पुढचे निम्मे व्हिडिओ वाया गेले असते. पडलेले व्हिडिओ तक्त्यात ठेवायचे ते याचसाठी.

सांगाडा उतरवून घ्या

आता उसळीवाले तीन व्हिडिओ घ्या आणि कागद-पेन घेऊन बसा. पहिल्यांदा साध्या प्रेक्षकासारखं पाहा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पहिलं मिनिट पाहा. शब्द नसताना चित्रातून काय वचन दिलं जातंय ते तेव्हा कळतं. तिसऱ्यांदा वर्णनाखालचं Show transcript उघडून सगळं बोलणं समोर ठेवा आणि डाव्या बाजूला वेळ व उजवीकडे ‘इथे काय काम होतंय’ असं लिहीत जा. ते काय बोलले हे लिहायचं नाही. त्या बोलण्याने काय साधलं ते लिहायचं.

खडखडीच्या व्हिडिओचा माझा कागद साधारण असा होता. शून्य ते चार सेकंद, बिघाडाचा आवाज, एकही शब्द नाही. वीसाव्या सेकंदापर्यंत चार संशयितांची नावं. मग सर्वांत सोपा आणि फुकट तपासता येणारा संशयित आधी. प्रत्येक तपासणीनंतर तोच आवाज पुन्हा, गेला की नाही ते ऐकायला. खरं कारण सव्वा पाचव्या मिनिटाला. शेवटी आवाज बंद झालेली सायकल दहा सेकंद नुसती चालते, निरोपाचं भाषण नाही.

बाकीच्या दोन व्हिडिओंचे कागद शेजारी ठेवले तर तिन्हींत समान असलेल्या गोष्टी तीनच निघाल्या. बिघाड आधी ऐकवणं, स्वस्त तपासणी आधी आणि महागडी नंतर, आणि प्रत्येक पायरीनंतर त्याच आवाजाने पडताळा. एवढाच सांगाडा. एकाचे विनोद, दुसऱ्याचं ते ठसकेबाज वाक्य, तिसऱ्याची पिवळी भिंत, हे प्रत्येकाचं स्वतःचं आहे आणि ते तिथेच राहू द्यायचं.

काही व्हिडिओंवर वेळेच्या पट्टीवर माउस नेला की एक डोंगरासारखी रेघ दिसते, कुठला भाग लोकांनी जास्त वेळा पुन्हा पाहिला ते दाखवणारी. ती उपयोगाची आहे, पण उंच शिखर म्हणजे आवडलेला भाग असं गृहीत धरू नका. खडखडीच्या व्हिडिओत शिखर अगदी गिअरचा लिमिट स्क्रू फिरवण्याच्या जागी होतं. लोकांना तो क्षण रंजक वाटला म्हणून नव्हे. तिथे हात भराभर चालला होता आणि कुणालाच काही कळलं नव्हतं. हे मला कमेंटमध्ये गेल्यावर समजलं.

कमेंटमधला ‘पण’

नवा कोन डोक्यात सुचण्याची वाट पाहू नका. तो बहुतेक वेळा कमेंटमध्ये पडलेला असतो. कमेंट Newest या क्रमाने लावा. वरच्या लोकप्रिय कमेंट म्हणजे बहुधा कौतुक आणि विनोद, अडलेला माणूस खाली कुठेतरी एकटा बसलेला असतो. पान बरंच खाली ओढून दोनेकशे कमेंट उघडू द्या, आणि मग पानातच ‘पण’, ‘तरी’ आणि ‘आता’ हे शब्द शोधा. चॅनेल दुसऱ्या भाषेतलं असेल तर त्या भाषेतले तसेच शब्द. ‘छान सांगितलंत, पण…’ यातल्या ‘पण’नंतरचं वाक्य म्हणजे त्या व्हिडिओने अर्धवट सोडलेलं काम.

मी अशी साठेक वाक्यं वहीत उतरवली आणि सारखी वाटली ती एकत्र केली. सर्वांत मोठा ढीग ‘माझ्याकडे हे अवजार नाही’ या तक्रारीचा होता. तो मी सोडला, कारण बिनअवजारांचे व्हिडिओ आधीच ढीगभर आहेत. दुसरा ढीग मात्र वेगळा होता. ‘तुम्ही सांगितलं तसं केलं, आता आधीपेक्षा जास्त बिघडलं.’ ‘स्क्रू फिरवला, आता चेन सरळ स्पोकमध्ये जाते.’ ‘आधी कसं होतं तेच आठवत नाही.’ एकवीस वाक्यं, तिन्ही चॅनेलांवरून, आणि एकालाही उत्तर दिलेलं नाही.

इथे विषयाची जाण उपयोगी पडते. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर, दोन लिमिट स्क्रू असतात. त्यांचं काम फक्त चेनला दोन टोकांच्या पलीकडे जाऊ न देणं. मधल्या गिअरांवर खडखड असेल तर दोष बहुधा केबलच्या ताणात असतो आणि तो ताण कमी-जास्त करणाऱ्या बॅरल अ‍ॅडजस्टरने, अर्धा-अर्धा फेरा करत, सुधारतो. नवशिक्याला हे माहीत नसतं. त्याला स्क्रू दिसतो, तो फिरवतो. मागच्या चाकावरच्या मोठ्या दात्याच्या, म्हणजे दातेरी चकतीच्या, बाजूची मर्यादा सैल झाली की चेन चाकाच्या स्पोकमध्ये उतरते, छोट्या बाजूची सैल झाली की फ्रेमच्या बाजूला पडते. तिन्ही व्हिडिओंत दुरुस्तीची वाट दाखवली होती. चुकलेल्या माणसाला परत कसं यायचं हे कुणीच दाखवलं नव्हतं.

माझा कोन तिथे सापडला. सांगाडा तोच, खूण ऐकवा, सोपं आधी तपासा, प्रत्येक वेळी पडताळा. पण सुरुवात बिघडलेल्या सायकलपासून नव्हे, दुरुस्त करायला जाऊन आणखी बिघडवलेल्या सायकलपासून. हात लावण्याआधी स्क्रूवर मार्करने रेघ मारून फेरे मोजायचे. त्यातूनही हरवलात तर सर्वांत छोट्या दात्यावर चेन आणायची, केबल सोडायची, डिरेलरची वरची छोटी चाकी त्या दात्याच्या बरोबर खाली येईल असा स्क्रू लावायचा आणि तिथून नव्याने सुरू करायचं. आणि डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगरच वाकला असेल तर कुठलाही स्क्रू कामाचा नाही, हे आधीच सांगून टाकायचं.

कोन पक्का आहे की नुसतं शीर्षक वेगळं आहे, हे मी एका प्रश्नाने तपासतो. या कोनातून व्हिडिओत एक तरी नवा प्रसंग चित्रित करावा लागतोय का? माझ्या बाबतीत लागत होता. मला मुद्दाम स्क्रू चुकीचा फिरवून चेन पाडावी लागली. ‘मी हे जास्त सोप्या भाषेत सांगेन’ हा कोन नव्हे. तसं तर सगळेच म्हणतात.

नक्कल होतेय का, हे कसं ओळखायचं

कायद्याची बाजू थोडक्यात. कॉपीराइट कल्पनेला किंवा पद्धतीला मिळत नाही, तिच्या अभिव्यक्तीला मिळतो. १९९४ च्या ट्रिप्स करारात, कलम ९ च्या दुसऱ्या भागात, हे स्पष्ट लिहिलंय. ‘आवाजावरून बिघाड शोधणं’ हा फॉरमॅट कुणाच्या मालकीचा नाही. पण त्यांचं चित्रण, संहिता, थंबनेलचं चित्र, त्यांनी काढलेली आकृती त्यांचीच. त्यांच्या व्हिडिओचा तुकडा उचलून टाकलात तर कॉपीराइट स्ट्राइक येऊ शकतो, आणि तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होण्याची पाळी येते.

कायद्यात बसतं म्हणून नक्कल नक्कल राहत नाही असं मात्र नाही. प्रेक्षक वकील नसतात, त्यांना लगेच वास येतो. मी एक साधा नियम पाळतो. सांगाड्याचा कागद झाला की त्यांचे व्हिडिओ आठवडाभर उघडायचे नाहीत. संहिता लिहिताना समोर सायकल ठेवायची आणि हाताने काम करत बोलायचं. मग शेवटी दोन्ही शेजारी ठेवून चार गोष्टी पडताळायच्या: शीर्षकातले शब्द, थंबनेलची रचना, उदाहरणं, आणि पायऱ्यांचा नेमका क्रम. एखादी जुळली तर समजू शकतं, गिअर लावण्याचा क्रम शेवटी यंत्रच ठरवतं. दोन जुळल्या तर मी थांबून बदलतो.

माझ्या पहिल्या मसुद्यात दोन जुळल्याच. थंबनेलवर मीही डिरेलरभोवती लाल वर्तुळ काढलं होतं, आणि ‘चार संशयित’ हा शब्दप्रयोग नकळत तसाच आला होता. वर्तुळाच्या जागी पडलेल्या चेनचा फोटो आला, जो नाहीतरी माझ्या कोनाला जास्त शोभत होता. संशयित गेले.

एखाद्याने स्वतः प्रयोग करून काही शोधलं असेल, उदाहरणार्थ वेगवेगळी वंगणं महिनाभर वापरून तुलना केली असेल, तर ती गोष्ट वापरताना व्हिडिओत त्याचं नाव घ्या. एका वाक्याचं काम आहे.

एक नव्हे, तीन व्हिडिओ

एका व्हिडिओवरून फॉरमॅट चालला की पडला ते ठरवू नका. एक व्हिडिओ विषयामुळे, वारामुळे, नशिबामुळे कसाही जाऊ शकतो. त्याच कोनातले तीन बनवा आणि मध्ये बाकी फारसं काही बदलू नका. नवा माइक, नवं थंबनेल, नवी लांबी असं सगळं एकदम बदललंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

आता तुमच्या यूट्यूब स्टुडिओत ते आकडे आहेत जे दुसऱ्याचे दिसत नव्हते. मी दोनच पाहतो. इंप्रेशनवर, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा लोकांसमोर आलं त्यावर, किती टक्के क्लिक आले, आणि तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकून होते. दोन्हींची तुलना स्वतःच्या आधीच्या व्हिडिओंशी करा. यूट्यूबच्याच मदत पानानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा क्लिकचा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. पट्टा एवढा रुंद आहे की दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करून हाती काही लागत नाही.

या दोन आकड्यांवरून दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. क्लिक नेहमीसारखे आणि तिसाव्या सेकंदाला गळती जास्त, म्हणजे वचन बरोबर आहे, सुरुवात लांबली. टिकणं चांगलं आणि क्लिक कमी, म्हणजे व्हिडिओ ठीक आहे, कोन बाहेरून दिसत नाही. माझ्या पहिल्या व्हिडिओत दुसरा प्रकार झाला होता. शीर्षक ‘गिअर सेटिंग चुकल्यावर काय करावं’ असं होतं, जे शेकडो शीर्षकांसारखंच वाचलं जात होतं. दुसऱ्या व्हिडिओचं ‘स्क्रू फिरवला आणि चेन पडली? आता इथून परत या’ असं केलं. क्लिकचा दर दुपटीच्या जवळ गेला, टिकणं तेवढंच राहिलं. तिसऱ्यातही तसंच झालं. मध्यकाच्या हिशोबाने तिन्ही अनुक्रमे दीड, चार आणि साडेतीन पट. माझा मध्यक तेव्हा तीनशेचा होता, म्हणजे हुरळून जाण्यासारखे आकडे नव्हते, पण दिशा कळली.

तक्ता मी दर तीन महिन्यांनी नव्याने भरतो. बहुतेक चॅनेल तीच ठेवतो, फक्त दोन काढून दोन नवी घेतो. आणि आता कमेंटमध्ये ‘पण’ शोधताना पहिला फेरा माझ्याच व्हिडिओंवर असतो. तिसऱ्याखाली सात जणांनी जवळजवळ एकच गोष्ट लिहिली होती: ‘परत आलो, पण केबलचं टोकच उसवलंय, आता ती नटात बसत नाही.’ चौथा व्हिडिओ त्याच्यावर आहे.